कर्ज तेवढं तिच्या नावावर

रस्त्याकडंला चहाचं खोकं चालवणारी तरुण विधवा बाई दिसली की लोकांच्या तोंडात दोन गोष्टी हमखास येतात, एक म्हणजे "बिचारी", आणि दुसरी "पण स्वाभिमानी हाय बघा". एवढं बोलून झालं की माणूस कप टाकतो, गाडीला किक मारतो आणि जातो. दया पण झाली, कौतुक पण झालं, आणि खिशातनं गेले फक्त दहा रुपये. मला याचा राग यायचं कारण असं की या दोन्ही बोलण्यात तिच्या धंद्याबद्दल काहीच नसतं. तिचा धंदा कशावर उभा आहे, कुणाच्या जागेवर, कुणाच्या नावावर, हे कुणी विचारतच नाही.

मी जिच्याबद्दल लिहितोय ती बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर बसते, हिंडलगा मागं टाकून सुळग्याच्या पुढं कुठंतरी. नेमकी जागा सांगत नाही आणि नाव पण नाही, तिनंच नको म्हटलंय. सगळे अक्का म्हणतात, मराठी पण आणि कन्नड पण, आपण पण अक्काच म्हणू. वय तिशीच्या आसपास, पदरात दोन पोरं, घरात सासू. नवरा उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये होता, तिथलं काम सुटल्यावर त्यानं हे खोकं टाकलं, सकाळी शिनोळीच्या कारखान्यांत जाणारी पोरं आणि पुढं चंदगड, आंबोलीकडं जाणाऱ्या गाड्या एवढ्याच गिऱ्हाईकावर. नंतर काविळीचं निमित्त झालं आणि तो गेला. तेराव्यानंतर काही दिवसांनी हिनं खोकं परत उघडलं. लोकांनी तोंडावर काही म्हटलं नाही, मागनं म्हटलं.

आता माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अशा बाईला सरकारनं महिन्याला अजून हजार रुपये द्यावेत का, यावर आपल्याकडं भरपूर बोलतात, निवडणूक आली की जास्तच. पण तिची खरी अडचण पैसे किती मिळतात ही नाहीच, अडचण अशी आहे की तिच्या पोटापाण्याची एक पण वस्तू तिच्या नावावर नाही. जागा नाही, रेशन कार्डाचं प्रमुखपण नाही, स्कॅनरचं खातं नव्हतं. नावावर आहे ते फक्त कर्ज. ही गोष्ट दुरुस्त करायचा कायदा आपल्या देशात 2014 पासून आहे, फक्त तो बेळगाव महानगरपालिकेच्या हद्दीवर येऊन थांबतो आणि अक्का बसते त्याच्या पलीकडं.

पहिल्यांदा हिशोब बघू, कारण चहावाले लई कमावतात असा एक गैरसमज आहे आणि तो बहुतेक शहरातल्या स्टँडजवळच्या टपऱ्या बघून झालाय. अक्काचं सहा लिटर दूध लागतं दिवसाला, गावातलंच म्हशीचं, 56 रुपयांनी, म्हणजे 336. एका लिटरात अर्धा लिटर पाणी घातलं की उकळून अठरा कप पडतात, जास्त पाणी घातलं तर वीस पडतील पण शिनोळीची पोरं दुसऱ्या दिवशी पुढच्या टपरीवर थांबतात, हे तिनं एकदा करून बघितलंय. म्हणजे रोजचे 108 कप, दहा रुपयांनी 1,080. साखर चाळीसची, पावडर 84 ची, आलं वीसचं, कागदी कप तीसचे (थांबून पिणाऱ्यांना ग्लासात देते म्हणून कमी लागतात), आणि गॅस. गॅस हा मोठा खड्डा. धंद्याला 19 किलोचा कमर्शियल सिलिंडर लागतो, तो अठराशेच्या आसपास जातो आणि तिला पंधरा दिवस पुरतो, म्हणजे दिवसाला 120. सगळं मिळून खर्च 630, हातात राहिले साडेचारशे. त्यात बिस्किट, खारी, टोस्टचे ऐंशी धरा आणि उधारी बुडाली, दूध उरलं, याचे पन्नास काढा. दिवसाला 480. महिन्यात सव्वीस दिवस धरले तर साडेबारा हजार.

साडेबारा हजार ऐकून वाईट वाटत नाही ना? मलाही वाटलं नव्हतं. पण त्यातनं कर्जाचे दोन हप्ते जातात, मिळून 3,700 चे, पोरांच्या शाळेच्या रिक्षाला हजार, सासूच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांना आठशे, आणि रोज पन्नास रुपये पिग्मी. आपल्याकडच्या लोकांना पिग्मी सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो, सोसायटीचा माणूस रोज दुकानावर येऊन थोडी थोडी रक्कम घेऊन जातो ती. 1928 साली उडुपीकडच्या सिंडिकेट बँकेनं दोन-दोन आण्यांवर हे सुरू केलं आणि आजपण बेळगाव भागातला अर्धा छोटा धंदा पिग्मीवर चालतो. हे सगळं गेल्यावर चार माणसांच्या जेवणाखाण्याला, कपड्याला, आजारपणाला, पाहुण्यारावळ्याला राहतात 5,700. तांदूळ रेशनचा येतो आणि लाईटबिल गृहज्योतीमुळं शून्य येतं म्हणून कसंतरी बसतं. हे पण खरं आहे, ते लपवायचं कारण नाही.

पण महिन्याचा हिशोब बसतो आणि दिवसाचा बसत नाही, हीच सगळी मेख आहे. सिलिंडर संपतो त्या दिवशी एकदम अठराशे लागतात. 120 रुपये रोज बाजूला टाकायचे असं आपण सांगू शकतो, पण गल्ल्यात पैसे असताना हप्तेवाला आला की ते जातात, पोरगी तापली की जातात. मग ती काय करते, गावातल्या एका माणसाकडनं घेते, महिन्याला शेकडा दहा. पंधरा दिवसांत फेडते, म्हणजे अठराशेवर नव्वद रुपये व्याज. महिन्याला दोन सिलिंडर, दर खेपेला असंच झालं तर वर्षाला एकवीसशे साठ, म्हणजे फक्त सिलिंडर त्या त्या दिवशी घ्यायला हातात पैसा नाही म्हणून मोठ्या कर्जाचा एक अख्खा हप्ता उडाला. आणि एखाद्या दिवशी दूध नासलं, उन्हाळ्यात दुपारचं नासतंच, तीन लिटर गेलं तर 168 रुपये गेले आणि चोपन्न कप पण गेले. ती त्याचं खरवडून कलाकंदासारखं काहीतरी करून पोरांना देते. पोरं खूश होतात, तिला मात्र त्या संध्याकाळी पिग्मीवाल्याला द्यायला पन्नास काढताना दोनदा मोजायला लागतं. तरी देते. "एक दिवस चुकवलं की दुसऱ्या दिवशी चुकवायला लाज वाटत न्हाई ओ," असं तिचं म्हणणं.

आता कागदांवर येतो. नवरा गेला तेव्हा खोक्यावर चिकटवलेला स्कॅनर त्याच्या नंबरवर होता. गिऱ्हाईकं स्कॅन करत राहिली, "आले बघा अक्का" म्हणत राहिली, आणि पैसे मेलेल्या माणसाच्या खात्यात पडत राहिले. शिनोळीची पोरं कॅश ठेवतच नाहीत, त्यामुळं धंद्यातला मोठा भाग असा गेला. हिच्या लक्षात यायला वेळ लागला कारण नवऱ्याचा फोन दिराकडं होता. खातं लग्नाआधीचं, त्यावर नॉमिनी म्हणून आईचं नाव, म्हणजे बँकेच्या हिशोबानं ते पैसे सासूला मिळणार. सासू वाईट नाही, पोरं तीच सांभाळते म्हणून ही खोक्यावर बसू शकते. पण चहा हिनं केला, कप हिनं धुतले, आणि पैसे मिळवायला हिला सासूला बँकेत घेऊन जायला लागलं, फॉर्म भरून, दाखले जोडून. तोपर्यंत हिनं हातानं लिहिलेला कागद चिकटवला होता, "स्कॅन करू नका, रोख द्या". बघणाऱ्याला वाटायचं बाईला फोन जमत नाही.

गृहलक्ष्मीचं पण तसंच. 2023 च्या ऑगस्टपासून कर्नाटकात घरच्या प्रमुख बाईला महिन्याला 2,000 मिळतात, चांगली योजना आहे, मी विरोधात नाही. पण प्रमुख कोण ते रेशन कार्ड ठरवतं, एका कार्डावर एकच बाई, आणि कार्डावर पहिलं नाव सासूचं. आपल्या भागात कितीतरी घरांत सासू-सुनांचं यावरनं वाजलंय. इथं वाजलं नाही, सासू पाचशे-हजार हिच्या हातावर ठेवते, पण ठेवते म्हणजे देते, हिला ते मिळतात असं नाही, आणि त्यातला फरक ज्याला दुसऱ्याच्या हाताकडं बघायला लागतं त्यालाच कळतो. कार्ड वेगळं करा असं सल्ला देणारे सांगतात. वेगळं कार्ड सहजी निघत नाही हे एक, आणि वेगळं काढलं म्हणजे घर फोडलं असं गाव म्हणणार हे दुसरं. विधवेची पेन्शन आहे, 800 रुपये. तिकडं महाराष्ट्रात शिनोळीत, म्हणजे सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर, संजय गांधी निराधारचे 1,500 मिळतात. यावर सीमाभागातला माणूस काय म्हणणार ते तुम्हाला माहीतच आहे, त्यात मी आज जात नाही.

आणि कर्ज? कर्ज मात्र पहिल्यापासून हिच्या नावावर. मायक्रो फायनान्सवाले बायकांनाच देतात, दहा-पंधरा बायकांचा ग्रुप करून, एकीचं थकलं तर बाकीच्यांनी भरायचं या बोलीवर. खोकं टाकायला, फ्रीज घ्यायला चाळीस हजार काढले ते हिनं, सही हिची, फोटो हिचा, पैसा नवऱ्याच्या हातात. दोन वर्षांचं कर्ज, दोन टक्के महिन्याला, म्हणजे हप्ता 2,100 च्या आसपास. त्यावर दुसऱ्या एका कंपनीचं छोटं, सोळाशेचा हप्ता. नवरा गेला त्या महिन्यात पण हप्ता भरला, कारण ग्रुपमधल्या बायका दारात येऊन बसल्या. त्यांचं पण चुकलं म्हणता येत नाही, त्यांनी भरायला कुठनं आणायचं?

इथं एक गोष्ट जवळनं सांगण्यासारखी आहे. असं कर्ज देताना बहुतेक कंपन्या सुरुवातीलाच विम्याचे थोडे पैसे कापून घेतात, आणि तो विमा कर्ज घेणारी बाई आणि तिचा नवरा दोघांवर असतो, दोघांतलं कुणी गेलं तर राहिलेलं कर्ज विम्यातनं फिटतं. अक्काच्या कार्डावर ते लिहिलं होतं. कार्ड इंग्रजी आणि कन्नडमध्ये, हिची शाळा मराठी. रिझर्व्ह बँकेचे मार्च 2022 चे नियम आहेत की कर्जाचं कार्ड आणि करार घेणाऱ्याला समजणाऱ्या भाषेत पाहिजे. सीमाभागात ही समजणारी भाषा कुठली, यावर आपण सत्तर वर्षं भांडतोय आणि तरी ज्या कागदावर त्याचा रुपयात फरक पडतो तो कागद कुणी बघितला नाही. मग एकदा चहाला थांबणाऱ्या, बँकेत क्लार्क असलेल्या एका माणसानं ते कार्ड सहज वाचलं आणि विचारलं, अक्का, हे हप्ते तुम्ही भरताय कशाला? तोपर्यंत नवऱ्यानंतरचे सात हप्ते भरून झाले होते, 14,700. पुढं मृत्यूचा दाखला, फॉर्म, परत फॉर्म असं करून मोठं कर्ज अजून निकालात निघायचं आहे, आणि तोवर हप्ता चालूच आहे, कारण थांबवला तर ग्रुपच्या बायका. ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी आजच कार्ड काढून बघा, वजावटीच्या रकान्यात विमा किंवा इन्शुरन्स असं काही दिसतं का, आणि त्याखाली नवऱ्याचं नाव आहे का. नाव असेल तर दाखला घेऊन ब्रँचला जायचं, वसुलीच्या पोराला सांगून उपयोग नाही, त्याला वसुलीचं कमिशन असतं.

2025 मध्ये कर्नाटक सरकारनं वसुलीच्या त्रासाविरुद्ध कायदा केला, पहिल्यांदा अध्यादेश आणि मग विधेयक, दहा वर्षांपर्यंत शिक्षा आणि पाच लाखांपर्यंत दंड. पेपरात मोठ्या बातम्या आल्या. पण तो मुख्यतः नोंदणी नसलेल्या सावकारांसाठी आहे, रिझर्व्ह बँकेकडं नोंद असलेल्या कंपन्यांना तो तसा लागू नाही. म्हणजे अक्काला तो फक्त त्या शेकडा दहावाल्याविरुद्ध कामाचा. आणि त्याच्याविरुद्ध ती तक्रार करेल का? सिलिंडर संपलेल्या दिवशी तोच एक माणूस आहे.

आता जागा. मला वाटतं सगळ्याच्या मुळाशी हीच आहे. नवरा गेल्यावर महिन्याभरात दिरानं खोक्याला कुलूप घातलं. त्याचं म्हणणं, भावानं घातलेलं खोकं, भावाची जागा, आता मी बघतो, वैनी घरात राहू दे, पोरांचं मी करतो. तो पण खलनायक नाही, त्याला खरंच वाटत होतं की वैनीनं रस्त्यावर बसणं बरं दिसत नाही. चार माणसं बसली, हिच्या माहेरची आली, आणि किल्ली परत मिळाली. पण चार माणसांनी किल्ली दिली याचा अर्थ चार माणसं ती परत पण घेऊ शकतात. जागा खरं म्हणजे ना नवऱ्याची, ना दिराची, ना हिची, रस्त्याच्या खात्याची. रुंदीकरणाचं काम निघालं, चुन्याची रेघ पडली की सगळीच जाणार, आणि नुकसानभरपाई शेतवाल्याला मिळेल, खोकंवालीला नाही, कारण कागदावर ती तिथं कधी नव्हतीच.

शहरात असती तर? 2014 च्या पथविक्रेता कायद्यात फेरीवाल्यांचा सर्व्हे करायचा, नगर पथविक्रेता समिती करायची, सर्टिफिकेट द्यायचं, सर्व्हे होईपर्यंत उठवायचं नाही, असं सगळं आहे. आणि त्यात एक ओळ आहे जी अक्काच्याच आयुष्याकडं बघून लिहिल्यासारखी वाटते, की सर्टिफिकेट असलेला विक्रेता मेला किंवा कायमचा अपंग झाला तर त्याच्या जागी घरातल्या एकाला बसता येतं, आणि त्यात पहिला मान जोडीदाराचा, मग अवलंबून असलेल्या पोराचा. भावाचा त्यात उल्लेख पण नाही. म्हणजे हेच खोकं बेळगावात असतं, नवऱ्याचं सर्टिफिकेट असतं, तर सर्टिफिकेटची मुदत संपेपर्यंत तरी दिराचं कुलूप कायद्यानं चाललं नसतं. आता शहरात तरी तो कायदा कितपत पाळला जातो हे तुम्ही बाजारात जाऊन बघा, गाड्या उचलून नेतातच. पण तिथं निदान भांडायला कागद आहे. ग्रामपंचायतीत तो कायदाच लागू होत नाही, कारण त्यातली स्थानिक संस्था म्हणजे शहरातल्या संस्था.

फेरीवाल्यांसाठी केंद्र सरकारची स्वनिधी योजना आहे, तिच्या कर्जाचं पण तसंच. 2020 मध्ये सुरू झालं, पहिल्यांदा दहा हजार, फेडलं की वीस, मग पन्नास, आणि वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात सात टक्के सूट. 2025 मध्ये पहिला टप्पा पंधरा हजारांचा केला आणि शहराभोवतालच्या भागात पण टप्प्याटप्प्यानं नेणार असं म्हटलं. सिलिंडरच्या अठराशेसाठी शेकडा दहानं घेणाऱ्या बाईला पंधरा हजारांची पुंजी म्हणजे काय ते वर हिशोबात बघितलंच. पण आजवर यातली गंमत अशी होती की सुळग्यातली बाई डोक्यावर भाजी घेऊन बेळगावात विकायला बसली तर तिला मिळू शकत होतं, आणि तीच बाई सुळग्यातच रस्त्यावर बसली तर नाही. आणि उद्या कर्ज इथंपर्यंत आलं तरी जागेचा हक्क त्याबरोबर येणार नाही. म्हणजे परत तेच, कर्ज तिच्या नावावर आणि जागा कुणाच्याच नाही. हे उलटं झालं पाहिजे, आधी जागा, मग कर्ज.

माझी मागणी त्यामुळं मोठी नाही. राज्य सरकारनं ग्रामपंचायतींना सांगावं की रस्त्याकडंच्या विक्रेत्यांची यादी करा, नावासकट, आणि पावती द्या. महिन्याला ठरावीक फी घ्या, फुकट कुणी मागत नाही. नवरा-बायको दोघं चालवत असतील तर दोघांची नावं घाला. एकजण गेला तर दुसरा आपोआप राहील, चार माणसं बसवायची गरज नाही. रुंदीकरण आलं तर यादीत असलेल्यांना जवळपास दुसरी जागा द्या. पंचायतीकडं बस स्टॉपमागची, शाळेच्या भिंतीलगतची, बाजारकट्ट्याची जागा असते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला रस्त्यावरच्या अपघातांचा, आणि तो खोटा नाही. वळणावर खोकं, समोर आडव्या लावलेल्या गाड्या, रात्री लाईट नाही, यात माणसं गेलेली आहेत. पण बिनयादीचं खोकं हलवता येत नाही, फक्त पाडता येतं, आणि पाडलेलं आठ दिवसांत परत त्याच वळणावर उभं राहतं. यादीत असलेल्याला सांगता येतं की वळण सोड, शंभर पावलं मागं ये, पावती तिथली देतो. दुसरा आक्षेप, एकाला दिलं की उद्या सगळेच बसतील. बसू देत की, चहाच्या गिऱ्हाईकाची पण एक मर्यादा असते, त्या रस्त्यावर तीन टपऱ्या उघडून बंद पडलेल्या आहेत.

मला जास्त त्रास होतो तो तिसऱ्या गोष्टीचा, जी आक्षेप म्हणून कुणी मांडत नाही. ती म्हणजे, "अक्का खंबीर हाय, तिला कशाला काय पाहिजे". तिचा स्वाभिमानच तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरायचा. तो कसा आहे ते सांगतो, म्हणजे कळेल. सकाळची बोहनी विधवेच्या हातची नको असं मानणारी माणसं अजून आहेत, गाडीवाले जास्त. सुरुवातीला ती बघायची, दोन-तीन जण गाडी लावून उभे, फोनमध्ये बघतायत, कुणीतरी पहिला कप घ्यायची वाट बघतायत. तोंडावर कुणी बोलत नाही. हिला कळलं. तेव्हापासून सकाळी पहिला उकळा आला की ती स्वतःच एक ग्लास ओतून घेते, कमरेच्या पिशवीतनं दहाची नोट काढते, सगळ्यांसमोर गल्ल्यात टाकते आणि वहीत लिहिते. "झाली बोहनी, आता घ्या ओ," म्हणते. रोज. वहीत पहिली ओळ तिची स्वतःची. दोन्हीकडचे लोक त्यानंतर निवांत चहा पितात, ज्यांना लाज वाटायला पाहिजे त्यांना वाटत असेल असं मला दिसलं नाही.

निपाणीच्या वरच्या अंगाला, शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे, तिथल्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये ठराव केला की आमच्या गावात बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद. महाराष्ट्र सरकारनं लगेच बाकीच्या पंचायतींना पण तसं करा म्हणून सांगितलं. ठराव चांगलाच आहे. पण बोहनी कुणाच्या हातची घ्यायची हे ठरावानं ठरत नाही, आणि किल्ली कुणाकडं राहणार हे मात्र ठरू शकतं. मला विचाराल तर ग्रामसभेनं पहिल्यांदा किल्लीचा ठराव करावा. ज्या बाईच्या नावावर दुकान आहे तिच्या कपाळाकडं बघून बोलायचं धाडस लोक आपोआप कमी करतात.

दुसरं, सुट्ट्या पैशांचं. वीसची नोट देऊन "राहू दे अक्का" म्हणणारे पुष्कळ, मनानं चांगले असतात. ती ठेवत नाही. सुट्टे नसतील तर वहीत त्याच्या नावावर दहा जमा लिहिते, पुढच्या वेळी सांगते की तुमचे दहा आहेत. तुम्ही म्हणाल ताठा आहे. धंद्याच्या बाजूनं बघितलं तर मला त्यात शहाणपण दिसतं, कारण एकदा दहा रुपये दयेचे घेतले की उधारी मागायचा तिचा हक्क गेला. आज शिनोळीच्या पोरांकडं तिची बाराशे-पंधराशे उधारी असते आणि पगाराच्या दिवशी ती कडक आवाजात मागू शकते, ते त्यांचं काही बाकी ठेवत नाही म्हणून. एकदा तिथल्याच पोरांनी वर्गणी काढली होती, पोराच्या ॲडमिशनसाठी. तिनं घेतली नाही, पण एकाला म्हटलं की तुमच्या कंपनीत कँटीनला चहा लागतो ते बघा. ते काही जमलं नाही, कंत्राट आधीच दुसऱ्याचं होतं.

आणि याच स्वभावामुळं पंचायतीत तिच्या अडचणीचा कागद नाही. दिरानं कुलूप घातलं ते तिनं कुठं सांगितलं नाही, स्कॅनरचं सांगितलं नाही, सात हप्त्यांचं तर मलाच उशिरा कळलं. जी बाई हात पसरत नाही तिचं बरं चाललंय असं सरकार धरून चालतं, आणि जी पसरते तिला मिळतात 800. मधलं काही नाही. हक्काची गोष्ट अशी पाहिजे की ती मागायला रडायला लागू नये, काउंटरवर जाऊन फी भरून पावती घेऊन यावं. स्वाभिमानी माणसाला हाच एक प्रकार परवडतो.

सीमाभागात राहणाऱ्यांना दोन सरकारं बघायची सवय आहे. महाराष्ट्रानं 2023 मध्ये 865 गावांना आरोग्य योजना देऊ केली, कर्नाटकानं त्यावर आक्षेप घेतला, दोन्हीकडं भाषणं झाली. एक नोव्हेंबरला काळा दिवस, दुसरीकडं राज्योत्सव, अक्काचं खोकं त्या दिवशी बंद असतं आणि 480 रुपये जातात. पाट्यांवर साठ टक्के कन्नडचा नियम आला तेव्हा तिला कुणीतरी भीती घातली, तिनं "चहा" च्या वर कन्नडमध्ये मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, पेंटरनं दीडशे घेतले. तिला त्याचं काही वाटलं नाही, कन्नड गिऱ्हाईक वाढलं तर बरंच म्हणाली. पण पाटी कुठल्या भाषेत हे बघायला माणसं येतात, आणि पाटी कुणाच्या नावावर हे बघायला कुणी येत नाही. मराठीसाठी झटणाऱ्या आपल्या लोकांना पण माझं हेच म्हणणं आहे, कर्जाची कार्डं वाचून द्यायचं काम कुणीतरी घ्या, गावातल्या दहावी झालेल्या, कन्नड येणाऱ्या पोरी ते करू शकतात.

मध्यंतरी मी तिच्यासमोर पंचायतीच्या एका मेंबरला विचारलं, यादी आणि पावतीचं करता येईल काय. तो म्हणाला, रस्ता आमचा नाही त्यामुळं रस्त्यावरचं देता येत नाही, पण स्टॉपच्या मागं पंचायतीची थोडी जागा आहे, तिथं महिन्याला दोनशे-तीनशे घेऊन ठराव करून देता येईल, अर्ज करू दे. नवऱ्याच्या नावानं जुनी कसलीतरी घरपट्टीची नोंद आहे, तीच पुढं चालवू, म्हणजे सोपं पडेल, असं पण म्हणाला. अक्का ग्लास विसळत होती. "तीनशे देतो ओ मी," ती म्हणाली, "खरं पावती माझ्या नावानं पाहिजे, ह्येंच्या नको." मेंबर म्हणाला मग नवीन अर्ज, नवीन ठराव, वेळ लागेल. ती म्हणाली, लागू दे. अर्ज मी लिहून दिलाय, कन्नडमध्ये एका ओळखीच्या मास्तरांकडनं करून घेतला, आणि खाली सही तिनं मराठीत केलीय.